ओपीडीचा हिशेब: पेशंट किती आणि पावत्या किती

> महिन्याला शंभरेक पेशंट बघतो, फी सहाशे, हॉस्पिटलचे तीस टक्के. मग हातात अठ्ठावीस हजारच कसे?

माझंही गेल्या महिन्यात असंच झालं. बघितले ९६, पण त्यात २० जण सात दिवसांच्या आतले फॉलोअप, म्हणजे फुकट. पावत्या फाटल्या ७६, जमले ४५,६०० रुपये. हॉस्पिटलचे १३,६८० वजा जाता उरले ३१,९२०. त्यावर १० टक्के टीडीएस कापून खात्यात आले २८,७२८. टीडीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. फक्त तुमच्या पॅनवर दिसतोय ना, ते बघा.

खरी गळती फॉलोअपमध्ये. आमच्या काउंटरवर दहाव्या दिवशी आलेल्यांनाही फुकट सोडत होते! तेव्हापासून मी वहीत नावापुढे पावती नंबर लिहितो आणि महिनाअखेरीस अकाउंट्सच्या यादीशी ताडून बघतो.