मदत हवी आहे: सागवानी दाराचं पॉलिश खालून पांढरं पडलंय, त्यावर पीयू चालेल का?

रत्नागिरीत घराचं मुख्य दार आहे, जुनं सागवानी, बाहेरची बाजू पश्चिमेकडे. मे महिन्यात जुना थर रिमूव्हरने काढला, 80, 120 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासलं आणि लाखदाण्याचं स्पिरिट पॉलिश बोळ्याने सहा हात दिलं. दोन हातांमध्ये दोन-तीन तास सोडले होते.

पावसाळ्यात खालच्या दीड फुटावर पांढरट छटा आली. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा हलका फिरवला, तर त्या पट्ट्याच्या वरच्या भागातला ढगाळपणा गेला. म्हणजे तिथे ओल थरातच अडकली होती. खाली मात्र दोन दिवसांत पुन्हा तसंच झालं. तिथे पावसाचे शिंतोडे थेट बसतात आणि लाखेला पाणी सोसत नाही, हे आता कळतंय. दाराची खालची कड कोरीच राहिली होती, पाणी तिथूनही चढत असावं.

आता फक्त बाहेरच्या बाजूला बाहेरच्या वापराचं दोन घटकांचं पीयू मारायचंय. आतली बाजू चांगली आहे, ती तशीच ठेवणार. दार बिजागरीतून काढता येतं, पण घर एका रात्रीपेक्षा जास्त उघडं ठेवता येणार नाही. स्प्रे गन नाही, ब्रशनेच काम करायचंय.

लाखदाण्यात मेण असतं, त्यामुळे त्यावर पीयू धरत नाही असं ऐकलंय. मग लाख कोऱ्या लाकडापर्यंत, रेषांतल्या छिद्रांतूनही काढावी लागेल, की 220 ने घासून मेणविरहित लाखेचा एक हात मध्ये दिला तर पुरेल? आणि पावसाळ्यानंतर लाकूड पुरेसं सुकलं हे ओलावामापकाशिवाय कसं ओळखायचं?