मदत हवी आहे: गुडघ्याची सूज जिमची की दादरच्या पुलाची?

गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा महिना चालू आहे, ग्राफ्ट मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा. फिजिओ मॅडमनी एका पायाने लेग प्रेस करायला परवानगी दिली आहे. लेग एक्स्टेन्शन मात्र ९० ते ४५ अंशांतच, कारण त्यापुढे वजन घेऊन पाय सरळ केला की नव्या लिगामेंटवर ताण वाढतो. पळणं बंद, त्यासाठी आधी मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ८० टक्के व्हायला हवी. (जिमचा ट्रेनर तरी रोज उड्या मारायला बोलावतो. उत्साही माणूस!)

मॅडमचा नियम असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली तर वजन मागच्या टप्प्यावर आणायचं. मंगळवारी ४० किलोचा लेग प्रेस केला, बुधवारी गुडघा भरलेला. पण मंगळवारीच प्लॅटफॉर्म बदलल्यामुळे दादरचा पूल दोनदा चढलो-उतरलो होतो. मग वजन कमी करू, की जिम सुट्टीच्या दिवशी हलवून आधी फरक बघू? मॅडमची भेट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर वजन वाढवणार नाही. अशी दोन कारणं कोणी वेगळी करून पाहिली आहेत का?

शिवाय दादर ते ठाणे पट्ट्यात डायनॅमोमीटरवर मांडीची ताकद मोजून देणारं फिजिओ सेंटर माहीत असेल तर सांगा. आमच्या क्लिनिकमध्ये ते यंत्र नाही.