मदत हवी आहे: घाटातलं धुकं आलं की फोनवर गेम रखडतोय, धुकं ठेवून स्वस्त कसं करू?

घाटवळण:
नमस्कार मंडळी. युनिटीत, यूआरपीवर एक गेम बनवतोय, पावसाळ्यात घाटातून ट्रक चालवायचा. टेस्टिंगचा फोन डायमेन्सिटी ७०० वाला आहे, म्हणजे माली-जी५७ दोन कोअरचा, स्क्रीन १०८० बाय २४००. उघड्या रस्त्यावर ६० एफपीएस सहज मिळतात, पण ट्रक धुक्यात शिरला की फ्रेमला २७ मिलिसेकंद लागायला लागतात आणि दहाएक मिनिटांत फोन तापून अजून हळू होतो.
धुकं म्हणजे कॅमेऱ्यासमोर एकामागे एक ८ मोठे पारदर्शक पत्रे आहेत, त्यावर दोन नॉइज टेक्श्चर सरकतात, नॉर्मल मॅप आहे, हेडलाइटचा उजेड पडतो, आणि रस्त्याला जिथे टेकतं तिथे कडा दिसू नये म्हणून सॉफ्ट पार्टिकल चालू आहे. लॅपटॉपवर याचं काहीच वाटत नाही. धुकं काढायचं नाहीये, घाटाचा जीवच ते आहे. काय करू?

बॅचिंगवाला:
झाडं किती आहेत सीनमध्ये? माझ्या गेममध्ये असंच व्हायचं, एलओडी लावले, ड्रॉ कॉल ३०० वरून ९० वर आणले आणि एकदम सुटला. आधी पॉलिगॉन कमी कर.

घाटवळण:
दादा झाडं दोन्हीकडे तेवढीच आहेत, फक्त धुक्यातच होतंय. `Render Scale` ०.५ करून बघितलं तर २७ चे ११ मिलिसेकंद झाले.

रेंडरताई:
मग पॉलिगॉनचा विषय संपला. पिक्सेल एक चतुर्थांश केल्यावर वेळ एवढा पडला म्हणजे पिक्सेल रंगवण्यातच वेळ जातोय.
आता हिशोब बघ. तुझ्या स्क्रीनवर साधारण २६ लाख पिक्सेल आहेत, ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी. जीपीयूचे दोन कोअर ९५० मेगाहर्ट्झचे, म्हणजे दोघांचे मिळून सेकंदाला १९० कोटी सायकल. भागाकार केला की एका पिक्सेलला एका फ्रेममध्ये जेमतेम १२ सायकल येतात, आणि त्यातच रस्ता, आकाश, ट्रक, धुकं सगळं बसवायचंय. युनिटीतून शेडरचा जीएलईएस कोड काढ आणि आर्मच्या ऑफलाइन कंपायलरला दे:

```
malioc --core Mali-G57 dhuke.frag
```

शेडरच्या सर्वांत लांब वाटेला, म्हणजे `Longest Path Cycles` च्या ओळीत, किती सायकल दाखवतोय ते सांग.

चिपचावडी:
एक मिनिट, माली टाइलवर चालतो ना? १६ बाय १६ पिक्सेलचा तुकडा घेतो, त्याचा रंग नि डेप्थ चिपमधल्याच मेमरीत ठेवतो आणि तुकडा पूर्ण झाल्यावर एकदाच रॅममध्ये लिहितो. म्हणजे ८ थर एकमेकांवर मिसळले तरी रॅमकडे फेरी नाही. मग टाइलवाल्या चिपवर ओव्हरड्रॉ फुकटच असायला हवा. आणि ज्या पिक्सेलला अल्फा शून्य आहे तिथे `clip()` टाकला तर तेवढंही काम वाचेल.

रेंडरताई:
अर्धं बरोबर आहे तुझं. मिसळण्याची रॅमफेरी वाचते हे खरं, पण शेडर प्रत्येक थराला प्रत्येक पिक्सेलवर पुन्हा चालतोच आणि टेक्श्चर वाचायला बाहेर जावंच लागतं. मागचं झाकलं गेलं म्हणून चालवायचंच नाही ही सोय मालीत आहे, पण ती अपारदर्शक गोष्टींसाठी. धुक्यातून मागचं दिसतं, त्यामुळे चिप काहीच टाकून देऊ शकत नाही, आठही थर रंगवावे लागतात.
`clip()` चं म्हणशील तर अल्फा शून्य आहे हे टेक्श्चर वाचल्यावरच कळतं, तोवर बरंचसं काम झालेलं असतं, म्हणून धुक्याला त्याचा जवळपास उपयोग नाही. आणि डेप्थ लिहिणाऱ्या गोष्टीत, म्हणजे झाडांच्या पानांत, तो उलटा नडतो, कारण शेडर संपेपर्यंत तो पिक्सेल राहणार की जाणार हे चिपला ठरवता येत नाही. मागचं टाकून द्यायची सोय तिथे लंगडी पडते. पानं म्हणूनच ठोस वस्तूंनंतर काढायची.

घाटवळण:
३ सायकलच्या आसपास दाखवतोय, लाइटच्या लूपसकट.

रेंडरताई:
८ थर गुणिले ३ म्हणजे २४. बजेटच १२ चं होतं, धुकं एकटंच दुप्पट खातंय.
आता दुसरी गोष्ट, जी लॅपटॉपवर कळत नाही. सॉफ्ट पार्टिकलला मागच्या रस्त्याची डेप्थ टेक्श्चर म्हणून लागते, त्यासाठी यूआरपीत `Depth Texture` चालू केलं असशील. मग काय होतं, तर ठोस वस्तू काढून झाल्या की पास तिथेच तोडावा लागतो. रंग नि डेप्थ रॅममध्ये लिहायची, डेप्थची कॉपी काढायची आणि धुक्यासाठी दोन्ही परत टाइलमध्ये आणायची. पिक्सेलला ८ बाइट धर, जाताना साधारण २१ एमबी आणि येताना २१, सेकंदाला अडीच जीबी नुसती ने-आण झाली, डेप्थची कॉपी वेगळीच. चिप कॉम्प्रेस करते म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण फोन तापायचं मोठं कारण हेच, रॅमची वाहतूक फार वीज खाते. रेंडरडॉकमध्ये एक फ्रेम पकड, धुक्याच्या आधी पास तुटलेला दिसेल.
मी असते तर असं केलं असतं: दूरचं धुकं पत्र्यांनी करायचंच नाही, रस्ता नि डोंगराच्या शेडरमध्येच अंतर आणि उंचीवरून धुक्याचा रंग मिसळायचा. चार-दोन गणितं जास्त, पण एकही थर वाढत नाही. जवळ हलणारं धुकं दिसायला २-३ पत्रे पुरतात. दोन्ही नॉइज एकाच टेक्श्चरच्या दोन चॅनेलमध्ये भर, नॉर्मल मॅप काढ, हेडलाइट व्हर्टेक्सवर मोज, `half` वापर. पत्र्याची जाळी धुक्याच्या आकाराला घट्ट कापून घे, रिकाम्या कोपऱ्यांवरही शेडर चालतो. सॉफ्ट पार्टिकल बंद कर, त्याऐवजी पत्र्याची खालची कड टेक्श्चरमध्येच विरळ रंगव आणि यूआरपीच्या पार्टिकल शेडरमधलं `Camera Fading` वापर, त्याला डेप्थ टेक्श्चर लागत नाही.

चिपचावडी:
पीसीवर धुकं अर्ध्या रिझोल्यूशनमध्ये काढून वर चिकटवतात, ते सोपं नाही का?

रेंडरताई:
थर फारच जास्त असतील तर परवडतं. पण त्यालाही डेप्थ वाचावी लागते, म्हणजे पास तुटतो, आणि वर चिकटवायचा खर्च वेगळा. थर कमी करून भागत असेल तर मी तिकडे जाणार नाही. टाइलमधली डेप्थ जागच्या जागी वाचायची एक्स्टेन्शन आहेत, पण ती सगळ्या फोनवर मिळत नाहीत.

घाटवळण:
सांगितलं तसं केलं, थर ३ ठेवले, डेप्थ टेक्श्चर बंद. शेडर आता १ सायकलच्या खाली आलाय आणि धुक्यातही फ्रेम १५ मिलिसेकंदात बसतेय, फोन कोमट राहतो. ताई, खूप आभार, मला वाटायचं शेडरच तेवढा जड आहे, पास तुटण्याचं डोक्यातच नव्हतं.
दोन गोष्टी अडल्यात. ट्रक कठड्याच्या अगदी जवळून गेला की पत्रा कठड्याला कापताना सरळ रेघ दिसते, डेप्थशिवाय ती कशी लपवू? आणि मित्राच्या अ‍ॅड्रिनोवाल्या फोनवर फरक बराच कमी पडला.

रेंडरताई:
रेघेला: कठड्यालगत पत्रे उभेच करू नकोस, रस्त्याच्या मध्यरेषेवर ठेव. अ‍ॅड्रिनोचे तुकडे मालीपेक्षा बरेच मोठे असतात आणि कधीकधी ड्रायव्हर टाइल न वापरता थेटही काढतो, त्यामुळे न मोजता सांगता येणार नाही. स्नॅपड्रॅगन प्रोफायलर लावून धुक्याचा एक फ्रेम पकड आणि इथे टाक.

बॅचिंगवाला:
माझ्या गेममध्ये पाण्याला `Opaque Texture` चालू आहे, त्यानेही पास तुटत असेल का?

रेंडरताई:
हो, तोही ठोस वस्तूंनंतर रंगाची कॉपी काढतो. बंद करून आधी आणि नंतरचं मोजून बघ.