आयपीओ लागला नाही, मग पैसे कुणी धरून ठेवलेत?

नाशिककर_८२
शेअर लागला नाही हे सोमवारी रात्रीच कळलं. आज बुधवार, शेअर लिस्टही झाला, तरी पेमेंट ॲपने माझे १४,८२० रुपये सोडलेले नाहीत. लाखो लोकांचे पैसे असे दाबून ठेवायचे आणि त्यावर व्याज खायचं, हाच यांचा धंदा. कस्टमर केअर म्हणतं, बँकेशी बोला. यापुढे यूपीआयने अर्ज बंद. तुम्हीही करू नका.

निवृत्त_शाखाधिकारी
असं वाचून लोक घाबरतात, म्हणून सविस्तर लिहितो. ॲपकडे तुमचा एक रुपयाही गेलेला नाही. तुम्ही पिन टाकून मॅन्डेट, म्हणजे रक्कम अडवायची परवानगी, मान्य केलीत तेव्हा तुमच्याच बँकेने तुमच्याच बचत खात्यातल्या तेवढ्या रकमेवर लिएन लावला, म्हणजे ती वापरायला बंद केली. पैसे तिथेच आहेत आणि बचतीचं व्याज तुम्हालाच मिळतंय. नेट बँकिंग उघडा. एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक यांत बरोबर १४,८२० चा फरक दिसेल.

आता सुटतात कसे ते बघा. इश्यू शुक्रवारी बंद झाला, सोमवारी वाटप ठरलं. मग वाटपाचा हिशेब ठेवणारा रजिस्ट्रार याद्या करतो: कुणाच्या खात्यातून किती कापायचे आणि कुणाचे सोडायचे. त्या इश्यूसाठी नेमलेल्या स्पॉन्सर बँकेकडे जातात, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत ज्याच्या त्याच्या बँकेकडे. मंगळवारी पैसे मोकळे व्हायला हवे होते, बुधवारी लिस्टिंग. म्हणजे उशीर झालाय हे तुमचं खरं, पण दोष ॲपवर टाकू नका. ॲप फक्त निरोप दाखवतं.

नाशिककर_८२
निरोप्या असेल तर निरोप तरी नीट द्यावा ना! मला 'प्रोसेसिंग' एवढंच दिसतंय. सामान्य माणसाने रजिस्ट्रार, स्पॉन्सर बँक, एनपीसीआय एवढ्या दारांत उभं राहायचं का?

शेअर_मित्र
एवढा त्रागा कशाला? ॲपमध्ये ऑटोपेमध्ये जा, मॅन्डेट कॅन्सल करा, पैसे लगेच मोकळे. मी एसआयपीचं असंच बंद केलं.

निवृत्त_शाखाधिकारी
एसआयपीचं होतं, आयपीओचं नाही. ही मॅन्डेट एकदा मान्य केली की आपल्याला ॲपमधून मोडता येत नाही. अर्ज मागे घ्यायचा तर इश्यू बंद होण्याआधी ब्रोकरच्या ॲपमधून बोली रद्द करायची, मग लिएन उठतो.

जुना_गुंतवणूकदार
तुम्हा मंडळींना एक दिवस थांबवत नाही. आम्ही चेक जोडून फॉर्म भरायचो. पैसे तेव्हाच खात्यातून जायचे आणि शेअर नाही लागले तर रिफंड ऑर्डरची वाट बघत पोस्टमनच्या मागे लागायचो. व्याज गेलं ते गेलंच. २००८ मध्ये अस्बा, म्हणजे पैसे खात्यातच अडवायची पद्धत, आली तेव्हा कुठे पैसे खात्यात राहायला लागले. आता तीन दिवसांत लिस्टिंग, तरी रड आहेच.

नाशिककर_८२
काका, तुमच्या वेळी त्रास होता म्हणून आम्हीही सोसावा का? नियम तीन दिवसांचा केला ना २०२३ मध्ये? मग पाळा.

आदिती_सांगली
खरा प्रश्न कुणी बोलतच नाहीये. बाबांच्या खात्यातून घराच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला जातो. त्यांनी आयपीओला तीन लॉट, म्हणजे शेअरचे तीन ठरावीक गठ्ठे, टाकले, ४४,४६० ब्लॉक. पासबुकात शिल्लक भरपूर दिसत होती, म्हणून ते निर्धास्त. हप्ता बाउन्स झाला. बँकेने दंड कापला, वर जीएसटी, आणि कर्जाच्या खात्यावर विलंबाचा डाग वेगळा. नंतर एकच लॉट लागला, १४,८२० कापले, २९,६४० सुटले. पण सुटले ६ तारखेला. सहीचा माणूस ७० वर्षांचा आहे, त्याला 'वापरता येणारी शिल्लक' कोण समजावणार?

शेअर_मित्र
आयपीओसाठी वेगळं खातं ठेवा, विषय संपला.

आदिती_सांगली
आणि त्यातली किमान शिल्लक कोण भरणार, तुम्ही? पेन्शन एका खात्यात येते, हप्ता तिथूनच जातो. खाती वाढवा हा सल्ला पैसेवाल्यांचा आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
आदितीताई, वाईट झालं. पण यात बँकेचा नियम मोडलेला नाही. लिएन लागल्यावर तेवढी रक्कम हप्त्यासाठी नसतेच. आणि तीन लॉट टाकले की तिन्हीचे पैसे वाटपापर्यंत अडकणार. इश्यूला खूप मागणी असेल तर लहान गुंतवणूकदाराला सोडतीत एकच लॉट मिळतो. मग तीन टाकून शक्यता वाढत नाही, फक्त जास्त पैसे अडकतात. त्यात पहिल्याच दिवशी अर्ज केला तर अडकण्याचे दिवसही वाढतात. शेवटच्या दिवशी केला तरी चालतं, फक्त मॅन्डेट संध्याकाळी ५ च्या आत मान्य करायची.

आदिती_सांगली
नियम मोडला नाही हे उत्तर बँकेच्या काउंटरवरही मिळालं होतं. हप्ता पुढच्या आठवड्यात आहे हे बँकेच्या संगणकाला माहीत असतं. लिएन लावताना एक मेसेज पाठवता आला नसता? कर्ज विकायला रोज तीन पाठवतात.

जुना_गुंतवणूकदार
हे मात्र पटतं. मेसेज यायलाच हवा.

कर_सल्लागार_ठाणे
मूळ मुद्द्यावर येतो. उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज मिळतं, सेबीचा नियम आहे. मागा आणि घ्या.

निवृत्त_शाखाधिकारी
अर्धं बरोबर. नियम आहे दिवसाला १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वर्षाला १५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. १४,८२० वर १५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम ६ रुपये. पूर्ण २ लाखांवर धरलं तरी ८२ च्या आसपास. म्हणजे किरकोळ गटात टक्केवारी कधी जिंकतच नाही, १०० रुपयेच लागू होतात. मोजणी वाटप ठरल्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसापासून, लिएन उठेपर्यंत. द्यायचे तुमच्या बँकेने.

कर_सल्लागार_ठाणे
ठीक आहे, आकडा तुमचा बरोबर. पण बँक आपणहून देते असं भासवू नका. माझ्या एका अशिलाला लेखी मागितल्यावरच मिळाले.

निवृत्त_शाखाधिकारी
आपणहून द्यायला हवेत. देत नसतील तर लेखीच मागा, त्यात वाद नाही.

नाशिककर, आता चूक कुठे अडकलीय ते शोधा. ॲपमध्ये मॅन्डेटची स्थिती बघा. ती अजून चालू दिसत असेल तर सोडण्याचा निरोप बहुधा वरूनच आलेला नाही. मग रजिस्ट्रारला अर्ज क्रमांक आणि पॅन देऊन ईमेल करा. मॅन्डेट `Revoked` दिसतेय आणि खात्यात लिएन तसाच आहे, तर काम तुमच्या बँकेचं राहिलंय. मॅन्डेटचा यूएमएन क्रमांक आणि दोन्ही स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. रजिस्ट्रार दाद देत नसेल तर सेबीचं तक्रार पोर्टल स्कोअर्स. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

नाशिककर_८२
बघितलं. `Revoked` आहे, तारीख कालची. बँकेत १४,८२० अजून होल्डवर. म्हणजे ॲप सुटलं, एवढं मान्य करतो. पण त्यांच्या कस्टमर केअरने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं. बँकेत तक्रार टाकतोय, शंभर रुपये रोजचे मागणार आहे.

आदिती_सांगली
त्यांना शंभर रोज मिळतील, चांगलंच आहे. बाबांचे पैसे मात्र वेळेत सुटले, म्हणून भरपाई शून्य. बाउन्सचा दंड परत मागायची एखादी वाट कुणाला ठाऊक असेल तर सांगा, 'नियम मोडला नाही' सोडून.