मदत हवी आहे: ब्रोमेलेन पोटातून सुजेपर्यंत पोहोचतं कसं?

पुढच्या आठवड्यात बहिणीची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची आहे. सूज कमी व्हावी म्हणून ब्रोमेलेन या अननसातल्या एन्झाइमच्या गोळ्यांबद्दल वाचतेय, पण एका ठिकाणी अडले आहे.

ब्रोमेलेन प्रथिनं कसं तोडतं, ते कळलं. त्याच्या सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधकाचा अणू प्रथिनाच्या साखळीतल्या पेप्टाइड बंधावर हल्ला करतो, मग पाण्याचा रेणू येऊन तुकडा सुटा होतो. म्हणूनच ताजं अननस घातलं की जिलेटिन घट्ट होत नाही. डबाबंद अननस चालतं, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी झालेलं असतं. (गोळ्यांसाठी ते मुख्यतः खोडातून काढतात, हे मला नवीनच होतं.)

सुजेबाबतचा तर्क असा, की ते जखमेभोवती साचलेलं फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीतलं तंतुमय प्रथिन, विरघळवतं आणि रक्तवाहिन्या झिरपत्या करणारं ब्रॅडिकायनिन कमी करतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांतून कमी द्रव झिरपतो. दाढेच्या चाचण्यांत कान ते ओठाचा कोपरा असं अंतर टेपने मोजतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

माझा प्रश्न: ब्रोमेलेन स्वतःच प्रथिन आहे, मग पचून जात नाही का? थोडं अखंड रक्तात शिरतं म्हणतात, पण तिथे अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन त्याला पकडतं. मग उरलेलं पुरेसं असतं का? आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाने फरक पडतो का?

बहिणीला रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. ब्रोमेलेनने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून सर्जनना विचारल्याशिवाय काही देणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.