मदत हवी आहे: ११० दिवसांच्या वैद्यकीय रजेनंतर नेलेलं फिटनेस सर्टिफिकेट कार्यालयाने परत केलं

सुमेधा_नाशिक (सोमवार, १९ मे २०२५, रात्री)

नमस्कार. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात यूडीसी आहे, चौदा वर्षं नोकरी झाली. जानेवारीत कमरेच्या मणक्याची गादी सरकली आणि खासगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करावं लागलं. २७ जानेवारीपासून ६० दिवस आणि पुढे वाढवून ५० दिवस, म्हणजे १६ मे, शुक्रवारपर्यंत रजा मंजूर आहे. सगळी परिवर्तित रजा.

आज सकाळी सर्जनकडून फिटनेस घेतलं आणि तसंच कार्यालयात गेले. लेटरहेडवर तीन ओळी आहेत: रुग्ण बरी आहे, कामावर जाऊ शकते, तीन महिने जड वजन उचलू नये, हलकं काम द्यावं. खाली सही, शिक्का, आजची तारीख. अधीक्षकांनी वाचलं आणि परत दिलं. ठरलेल्या नमुन्यात नाही, त्यावर तुमची सही नाही, आणि "हलकं काम" असं लिहिलेलं चालत नाही, पूर्ण फिट असाल तरच या, असं म्हणाले. हजेरीपटावर सही करू दिली नाही. मी घरी आले.

नवीन सर्टिफिकेटवर नेमकं काय हवं? आजचा दिवस कशात धरतील? आणि हलक्या कामाचं वाक्य काढून टाकलं तर उद्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे मलाच उचलायला लावतील, ही खरी भीती आहे. टाके भरले असले तरी खाली वाकताना अजून जपावं लागतं.

झेडपी_मास्तर

ताई, खासगी डॉक्टरचं फिटनेस चालतच नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांचंच लागतं. माझ्या हर्नियाच्या वेळी मी सिव्हिलला दोन चकरा मारल्या, तेव्हा कुठे शिक्षणाधिकारी कार्यालयाने रुजू करून घेतलं. उद्या सकाळी लवकर सिव्हिल गाठा, केसपेपर काढा.

आस्थापना_काका

मास्तर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो जिल्हा परिषदेचा. सुमेधाताई केंद्राच्या आहेत, त्यांना सीसीएस रजा नियम १९७२ लागू. मी आस्थापना शाखेत बावीस वर्षं हेच कागद तपासले, निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

ताई, नियम २४ म्हणतो की वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्याने फॉर्म ५ मधलं फिटनेस दिल्याशिवाय रुजू होता येत नाही. म्हणजे अधीक्षकांचा पहिला मुद्दा बरोबर. पण त्याच फॉर्म ५ मध्ये मेडिकल बोर्ड, सिव्हिल सर्जन, अधिकृत वैद्यकीय अधिकारी आणि नोंदणीकृत डॉक्टर असे सगळे पर्याय छापलेले असतात, नको ते खोडायचे. तुमच्यावर उपचार करणारे सर्जन नोंदणीकृत डॉक्टर आहेत. तुम्ही राजपत्रित नाही. त्यामुळे सिव्हिलची चकर आत्ता तरी गरजेची दिसत नाही. शंका आली तर कार्यालय स्वतःहून सरकारी डॉक्टरचं दुसरं मत मागवू शकतं, तो भाग वेगळा.

या नमुन्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांवर दहातली आठ प्रकरणं अडतात. पहिली, वरच्या बाजूला कर्मचाऱ्याची सही. खालच्या मजकुरात डॉक्टर "जिची सही वर आहे तिला मी काळजीपूर्वक तपासलं" असं लिहून देतो. सही नसेल तर ते वाक्यच लंगडं पडतं. म्हणून सही डॉक्टरसमोर करायची, घरून करून न्यायची नाही.

दुसरी गोष्ट कुणी वाचतच नाही. शेवटच्या परिच्छेदात डॉक्टर म्हणतो की ज्या मूळ वैद्यकीय प्रमाणपत्रांवर रजा मंजूर झाली किंवा वाढवली, ती किंवा त्यांच्या साक्षांकित प्रती मी पाहिल्या आणि विचारात घेतल्या. म्हणजे तुमची ६० दिवसांची आणि ५० दिवसांची अशी दोन्ही प्रमाणपत्रं डॉक्टरपुढे ठेवायला हवीत. म्हणूनच रजेचं प्रमाणपत्र दोन प्रतींत करून एक स्वतःकडे ठेवायची, असं त्या नमुन्याखालच्या टिपेत आहे. तुमच्याकडे आहेत का?

सुमेधा_नाशिक

काका, पहिल्याची झेरॉक्स आहे. दुसरं मिस्टरांनी थेट कार्यालयात दिलं, प्रत ठेवली नाही.

आस्थापना_काका

मग उद्या सकाळी एका अर्जाने दोन्ही प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती मागा. मूळ कागद तुमच्या रजेच्या फाईलला लागलेले असतील. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण अर्जावर मागा आणि पोच घ्या.

त्याच वेळी दुसरा अर्जही द्या, आणि हा जास्त महत्त्वाचा: "१९ मे रोजी सकाळी फिटनेस प्रमाणपत्रासह रुजू होण्यासाठी हजर झाले होते, प्रमाणपत्र नमुन्यात नसल्याने परत केले. नमुन्यातले प्रमाणपत्र लगेच सादर करीत आहे." परत मिळालेल्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा. आज तुम्ही रिकाम्या हाती परत आलात, कागदावर तुमच्या येण्याची काहीच खूण नाही. तोंडी परत केलेला कागद फाईलच्या दृष्टीने आलेलाच नसतो. मी स्वतः अशा माणसांच्या फाईली पाहिल्यात, जे तीन वेळा येऊन गेले आणि फाईलमध्ये मात्र बेपत्ता होते.

पुणेरी_एचआर

आमच्या कंपनीत कंपनी डॉक्टर तपासतो, त्याशिवाय गेटमधून आत सोडत नाही. ईएसआयवाल्यांना दवाखान्यातून फायनल सर्टिफिकेट आणावं लागतं. सुमेधाजी, तुमची ईएसआयची सुट्टी किती दिवसांची होती?

सुमेधा_नाशिक

मला ईएसआय नाही हो, सरकारी नोकरी आहे.

गोदाकाठ

एवढं कशाला? ओळखीच्या डॉक्टरकडून शुक्रवारची तारीख टाकून नवीन सर्टिफिकेट घ्या, शनिवार-रविवारही वाचतील. सगळे करतात.

हाडांचा_डॉक्टर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. हे कृपया करू नका, आणि डॉक्टरला करायलाही लावू नका. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आम्ही दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, प्रत ठेवावी लागते. प्रमाणपत्रावर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि एक ओळखखूण असावीच लागते, आमचा नोंदणी क्रमांकही. चौकशी झाली तर रजिस्टर आणि ओपीडीचा कागद समोर ठेवतात. मग मागची तारीख दोघांनाही महागात पडते.

सुमेधाताई, एक विचारतो. सर्जननी तुम्हाला शेवटचं तपासलं कधी? आज सकाळी, की आधी?

सुमेधा_नाशिक

खरं तर शनिवारी, १७ तारखेला. चालवून, वाकवून पाहिलं. ओपीडीच्या कागदावर "सोमवारपासून कामावर जाण्यास हरकत नाही" असं लिहिलंय. रिसेप्शनला टाइप करणारी मुलगी नव्हती म्हणून सर्टिफिकेट सोमवारी मिळालं.

हाडांचा_डॉक्टर

मग खोटं काही करायची गरजच नाही. फॉर्म ५ मध्ये ते "१७ मे रोजी तपासले, त्या दिवशी कामास योग्य आढळली" असं लिहू शकतात, कारण तसं घडलंय. सहीखाली मात्र ज्या दिवशी सही करतील तीच तारीख. सोबत ओपीडीच्या कागदाची प्रत लावा.

आस्थापना_काका

डॉक्टरसाहेबांनी नेमकी जागा पकडली. गोदाकाठ यांना वाटतंय त्याच्या उलट, शुक्रवारची गरजच नाही. वैद्यकीय रजेत सुट्ट्या कशा धरायच्या ते फिट ठरवलेल्या दिवसावर अवलंबून असतं. ज्या दिवशी फिट ठरवलं, तो दिवस धरून पुढच्या सलग सुट्ट्या रजेच्या शेवटी आपोआप जोडल्या जातात आणि रजेत मोजल्या जात नाहीत. फिट ठरवण्याआधीच्या सुट्ट्या मात्र रजाच धरतात.

तुमच्या बाबतीत लावून पाहा. फिट १७ तारखेला, शनिवारी ठरलात, तर शनिवार-रविवार मोकळे सुटले आणि रजा ११० दिवसच राहिली. सोमवारी १९ ला फिट ठरलात, तर ते दोन दिवस रजेत आले, एकूण ११२. परिवर्तित रजेला दुप्पट अर्धवेतनी रजा खर्ची पडते, म्हणजे २२० ऐवजी २२४ दिवस. चार दिवस फार नाहीत, पण अडचण निराळी आहे: तुमची मंजुरी १६ पर्यंतच आहे, त्यामुळे ते दोन दिवस मंजुरीबाहेर पडतात.

कार्यालय तपासणीचा दिवस धरेल की सहीचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या हाताखाली आलं असतं तर ओपीडीचा कागद पाहून मी तपासणीचा धरला असता. दुसरा अधिकारी सहीचा धरू शकतो.

वैशाली_क

हलक्या कामाचं कोणीच बोललं नाही. माझ्या जाऊबाईंना याच वाक्यावरून दोन महिने घरी बसवलं होतं.

आस्थापना_काका

बरोबर, तेच सांगायचं राहिलं. फॉर्म ५ मध्ये "बरी झाली, कामावर रुजू होण्यास योग्य" एवढंच आहे, अटीला जागा नाही. अट घातली की कार्यालय म्हणतं, मग फिट नाही. म्हणून फॉर्म ५ स्वच्छ ठेवा आणि वजन न उचलण्याचा सल्ला डॉक्टरकडून वेगळ्या कागदावर घ्या, तीन महिन्यांची मुदत घालून. रुजू झाल्यावर त्याच दिवशी तो कागद जोडून कार्यालयप्रमुखांना वेगळा अर्ज द्या: रेकॉर्ड रूमऐवजी टेबलाचं काम द्यावं.

हाडांचा_डॉक्टर

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. फॉर्म ५ वर मी सही करायची ती रुग्ण तिचं नेहमीचं काम करू शकेल असं मला वाटलं तरच. तिचं काम मुख्यतः बसून असेल तर ठीक. रोज गठ्ठे उचलणं हेच मुख्य काम असेल, तर मी आणखी काही आठवडे रजा लिहीन. ताईंनी सर्जनना आपलं काम नेमकं काय असतं ते सांगावं, दिवसातून किती वेळा, किती वजन. आम्हाला "यूडीसी" म्हटल्यावर काही कळत नाही.

सुमेधा_नाशिक (गुरुवार, २२ मे, संध्याकाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी दोन्ही अर्ज दिले, पोच घेतली. साक्षांकित प्रती बुधवारी दुपारी मिळाल्या. संध्याकाळी सर्जननी त्या वाचल्या आणि कामाबद्दल विचारलं. आठवड्यातून दोनदा गठ्ठे काढावे लागतात, बाकी संगणकावर, असं सांगितलं. त्यांनी फॉर्म ५ भरला, माझी सही समोर घेतली, तपासणी १७ मे, सही २१ मे. वजनाचा सल्ला वेगळा दिला. आज सकाळी रुजू झाले.

हलक्या कामाच्या अर्जावर साहेब "बघू" म्हणाले. १९, २० आणि २१ हे तीन दिवस कशात धरायचे ते अजून ठरलेलं नाही. अधीक्षक म्हणतात, परिवर्तित रजेचा अर्ज द्या. तो दिला तर मी १९ ला हजर होते हे सोडून दिल्यासारखं होईल का?

आस्थापना_काका

अर्ज द्या, पण शब्द जपून. आधी लिहा की १९ पासून रुजू होण्यास तयार होते, तो काळ कर्तव्यकाळ धरावा ही विनंती. पुढच्या वाक्यात लिहा की ते मान्य न झाल्यास हे तीन दिवस परिवर्तित रजा म्हणून मंजूर करावेत. दुसरं वाक्य टाळू नका. नियम २५ प्रमाणे मंजुरी नसलेल्या दिवसांचा रजा पगार मिळत नाही आणि वर ते अर्धवेतनी रजेतून वजा होतात. निर्णय झाला की सेवापुस्तकातली रजेची नोंद स्वतः जाऊन पाहा, फिटनेसची तारीख तिथे काय लिहिली आहे तेही.

झेडपी_मास्तर

काका, आमच्याकडेही दोन प्रती ठेवाव्या लागतात का? माझी दोन्ही मूळ सर्टिफिकेटं पंचायत समितीत आहेत आणि पुढच्या महिन्यात परत ऑपरेशन आहे.