विषय: हीटिंगवाल्याशी फोनवर बोलायचं कसं?

श्वेता, म्युनिक
मंडळी, घरातलं हीटिंग बंद पडलंय. घरमालकांनी मेकॅनिकचा नंबर दिलाय, पण तो फक्त जर्मन बोलतो, तेही बायरिश थाटाचं. माझं जर्मन ए-टूपर्यंतच. फोनमधल्या लाइव्ह भाषांतरावर कुणी अशी कामं उरकतं का?

निखिल
सगळ्या नव्या फोनांत आहे की! एकीकडे मराठी, दुसरीकडे जर्मन निवड आणि बिनधास्त बोल.

अनघा
निखिल, इतकं सरळ नाही रे. सॅमसंगच्या कॉलमध्ये हिंदी मिळते, मराठी नाही. मी आयफोनवर इंग्रजी-जर्मन जोडी वापरते. मराठीच हवी तर गूगल ट्रान्सलेट आहे, पण ते कॉल चालू असलेल्या फोनवर उघडू नकोस, माइक कॉलने अडवलेला असतो. कॉल स्पीकरवर टाक आणि ट्रान्सलेट दुसऱ्या फोनवर लाव.

श्वेता, पहिलं वाक्य मात्र स्वतः जर्मनमध्ये बोल: मी भाषांतराचं अ‍ॅप वापरतेय, कृपया छोटी वाक्यं बोला. नाहीतर त्याला आधी शांतता आणि मग यंत्राचा आवाज ऐकू येतो. जाहिरातीचा फोन समजून तो ठेवून देतो. जर्मनमध्ये क्रियापद बरेचदा शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत भाषांतर अडून राहतं. तेवढ्यात तो पुढे बोलू लागला की दुसरं वाक्य अर्धवट कापलं जातं.

बॉयलरवरचा एरर कोड आणि दाबाचा काटा आधीच बघून ठेव. काटा एक बारच्या खाली असेल तर तेच आधी सांग.

आणि वेळ! तो ‘हाल्ब नॉइन’ म्हणाला तर साडेआठ. मध्ये इंग्रजी आली की त्याचं ‘हाफ नाइन’ होऊ शकतं, आणि ब्रिटिश बोलीत ते साडेनऊ. म्हणून ‘आख्ट उअर ड्रायसिश?’ असं तूच उलट विचार.

सुहासकाका
अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. आमच्या लग्नाच्या नोंदणीला शपथबद्ध दुभाषीच लागला होता.

अनघा
काका, तिला लग्न नाही करायचं, घर गरम करायचंय!

निखिल
पण समोरच्याला न विचारता रेकॉर्ड करणं इथे गुन्हा आहे ना?

अनघा
हो, कलम 201. पण मी रेकॉर्ड करत नाही, नुसतं भाषांतर करते. ते त्यात बसतं का, यावर आमच्या ऑफिसातल्या दोन वकिलांचंही एकमत झालं नाही. म्हणूनही पहिलं वाक्य महत्त्वाचं.

श्वेता
लावला फोन. काटा 0.4 वर होता, ते आकडे नीट पोचले. त्याचं बायरिश मात्र अ‍ॅपला झेपेना, ‘होखडॉइच, बिटे’ म्हटल्यावर गाडी रुळावर आली. मंगळवारी आठ ते दहामध्ये येतोय. पण पाणी मीच भरायला सांगितलंय का, ते शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं. त्याला एसएमएस करून विचारू का?